तासाची लांबी

ऑगस्टातल्या एका बुधवारी, बाजार ऐन भरात असताना, एक काका आमच्या ऑफिसच्या पायऱ्या चढून वर आले. हातात खताच्या रिकाम्या पोत्याची शिवलेली पिशवी. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि आतून एकेक करत बारा कामगंध सापळे काढून ओळीने मांडले. नवेकोरे, एकाचीही प्लास्टिकची थैली उलगडलेली नाही. बाहेर मिरचीवाल्याचा भोंगा चालू होता, काकांच्या धोतराला चिखल होता, आणि ते अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्या कागदावर माह्यं वावर दहा एकर झालं. सातबाऱ्यावरही तेवढंच करून द्या, मंग हे सापळे ठेवतो."

ऑफिसातले सगळे हसले. मीही हसले. ते मात्र हसले नाहीत, कारण त्यांना पुढचं ठाऊक होतं. त्यांच्या गावात यादीच्या शेवटी नाव असलेल्या माणसांना एकही सापळा मिळाला नव्हता, आणि त्यातला एक त्यांचा सख्खा व्याही होता.

मी एका संस्थेच्या तालुक्याच्या ऑफिसात शेतकऱ्यांच्या याद्या सांभाळते. कापसाचा कार्यक्रम आहे. कुणाकडे किती वावर, कुणी कोणतं बियाणं लावलं, कुणाला काय दिलं, हे सगळं शेवटी माझ्या संगणकावर येऊन पडतं. गुलाबी बोंडअळीवर लक्ष ठेवायला एकरी दोन सापळे द्यायचे होते. काकांचं क्षेत्र सातबाऱ्यावर १.६२ हेक्टर, म्हणजे चार एकर, म्हणजे आठ सापळे. माझ्या यादीत लिहिलं होतं ९.८८ एकर, वीस सापळे. ते निघून गेल्यावर दार लोटून मी फाईल उघडली. १.६२ ला २.४७ ने गुणलं की चार येतात. त्या चाराला पुन्हा २.४७ ने गुणलं की ९.८८. मी हेक्टरचे एकर दोनदा केले होते.

कसं झालं ते आठवायला वेळ लागला नाही, आणि तेच जास्त टोचलं. एका गावची यादी दोन कार्यकर्त्यांकडून दोन फायलींत आली होती. सकाळी साडेदहाला पहिली फाईल, ३१ शेतकऱ्यांची, मी गुणून घेतली. घाई होती म्हणून नवा रकाना न घालता आहे त्याच आकड्यांवर गुणाकार चिकटवला, म्हणजे जुना आकडा पुसला जाऊन नवा त्याच्याच जागी बसतो, मागे खूण राहत नाही. अकराला मीटिंग होती. ती पाऊण तास चालली, त्यातली माझी दोन वाक्यं. परत येऊन दुसरी फाईल खाली जोडली, सगळ्या ११२ ओळी निवडल्या आणि गुणल्या. पहिल्या ३१ झाल्यात हे डोक्यातून निघून गेलं होतं. नाही, निघून गेलं होतं असंही नाही. काहीतरी केलंय एवढं आठवत होतं, निवडून ठेवलंय की गुणून झालंय ते आठवत नव्हतं. साडेबाराला पुन्हा मीटिंग होती, म्हणून थांबून पडताळलं नाही.

गावासाठी सापळे मागवले होते ते जुन्या, बरोबर बेरजेवरून. ४१० एकर, ८२० सापळे. पहिल्या ३१ जणांची खरी जमीन सगळी मिळून ११८ एकर, त्यांना २३६ पुरले असते. यादीप्रमाणे ५८३ गेले. उरले २३७. ते पुढच्या तेहेतीस-चौतीस जणांपर्यंत पुरले आणि पेट्या रिकाम्या झाल्या. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बॅटरीच्या उजेडात वाटप झालेलं, देणाऱ्याने कागद पाहिला, घेणाऱ्याने मोजले नाहीत. शेवटच्या सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस जणांकडे पुढचे नऊ दिवस सापळा नव्हता. सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग दिसले की फवारणीचा विचार करायचा, असं आम्हीच त्यांना बैठकांमध्ये सांगितलेलं. त्यांनी काय मोजायचं होतं?

रात्री झोप लागली नाही तेव्हा मला आबाजींचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, वावर आठवत राहिलं.

आमची आठ एकर जमीन. त्यातल्या नदीकडच्या चार एकरांची वाटणी आबाजी आणि त्यांच्या भावात झाली तेव्हा मी चौथीत होते. पट्टी लांबट होती, साधारण दोनशे मीटर लांब, ऐंशी मीटर रुंद. खरं तर लांबीने मधोमध कापली असती तर दोघांनाही दोनशे मीटरचं लांब तास मिळालं असतं. पण विहीर एका टोकाला आणि गाडीरस्ता दुसऱ्या टोकाला, त्यामुळे वाटणी आडवी झाली. आबाजींच्या वाट्याला विहिरीकडचा अर्धा, म्हणजे शंभर मीटर लांब आणि तेच ऐंशी रुंद. आमच्याकडे तास म्हणजे घड्याळातला नव्हे. नांगर, वखर, डवरा एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत जातो तेवढी ओळ म्हणजे एक तास. तो तास आणि ते तास. कपाशीच्या ओळी तीन-तीन फुटांवर. दोन एकर लांबीने मिळाले असते तर चव्वेचाळीस तासं आणि तेवढीच वळणं. आडवे मिळाले म्हणून अठ्ठ्याऐंशी. जमीन तीच, दोन एकरांच्या वर एक गुंठा नाही की खाली नाही, पण बैल दुप्पट वेळा वळवायचे.

डवरणीच्या दिवसांत मी शाळा सुटल्यावर त्यांच्यासाठी पाणी घेऊन जायची. धुऱ्यावरच्या बाभळीखाली उभी राहायची. हाक मारायची नाही, हे कुणी शिकवलेलं नव्हतं, सगळ्यांनाच माहीत होतं. चुलत आजोबा रस्त्याने जाताना बोलायला थांबायचे तेही धुऱ्यावरच थांबायचे. आबाजी तास पुरं करून आले की डवरा उचलायचे, बैल वळवायचे, मग घाम पुसून बघायचे, कोण आलंय ते. एकदा मी न राहवून मधेच ओरडले, विंचू दिसला होता म्हणून. त्यांनी मान वळवली, कासरा ओढला गेला आणि डवऱ्याच्या पासेखाली कपाशीची सात-आठ झाडं गेली. ते रागावले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "बैल मधात उभा केला का तास वाकडं होते. मंग पुढचं तास त्याच्या वळणानं जाते." आणि वाटणीबद्दल त्यांची एकच तक्रार मी ऐकली. "वावर तेवढंच हाय. पण दिवस सारा वळण्यातच चालला."

दुसऱ्या दिवशी मी डायरी काढली.

चार आठवडे मोजलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. दर दिवशी किती मीटिंगा, किती वेळ, आणि दोन मीटिंगांच्या मधला मोकळा तुकडा किती लांबीचा. आमचा आठवडा पाच दिवसांचा, जेवणाचा अर्धा तास वगळून दिवसाचे आठ तास, म्हणजे चाळीस. सरासरी आठवड्याला १७ मीटिंगा आणि १४ तास निघाले. मला वाटलं होतं त्याहून कमी! मी मनातल्या मनात पंचवीस धरून बसले होते, त्यामुळे जरा हिरमुसलेच. चाळिसातून चौदा गेले तर सव्वीस उरतात, आणि सव्वीस तास काही कमी नाहीत. मग दुसरा रकाना पाहिला. वीस दिवसांत दोन तास सलग मिळाले असे तुकडे सात. तीन तासांचा एकही नाही. बाकी सगळं वीस मिनिटं, चाळीस मिनिटं, फार तर तास-सव्वा तास. सव्वीस तास होते खरे, पण सगळे आडवे वाटलेले.

सोफी लेरॉय नावाच्या संशोधिकेने २००९ मध्ये यावर प्रयोग करून लिहिलं आहे. एक काम अर्धवट टाकून माणूस दुसऱ्याकडे वळला की लक्षाचा काही भाग पहिल्याच कामापाशी रेंगाळत राहतो आणि दुसरं काम त्यामुळे कच्चं होतं. वाचलं तेव्हा कापूस वेचून आलेले हात आठवले. कितीही झटकले तरी तंतू निघत नाहीत, आणि त्याच हातांनी कणीक मळायला बसलं की ते कणकेत उतरतात.

सलग वेळ मिळावा हे मागणं मात्र मी पहिल्यांदा फार वाईट तऱ्हेने केलं, तेही सांगून टाकते. सोमवारच्या आढाव्यात, तीन जिल्ह्यांची माणसं पडद्यावर असताना, मी म्हणाले, "मॅडम, मीटिंगा फार होतात, काम कधी करायचं?" दोघं-तिघं हसले, एकाने अंगठा दाखवला. मॅडमचा चेहरा बदलला नाही, पण त्या म्हणाल्या, "कोणती मीटिंग नको ते सांग, आत्ता काढते." आणि मला एकही सांगता येईना. खरंच, एकेक घेतली तर कोणतीच फालतू नव्हती. मी त्यांना चारचौघांत कोंडीत पकडलं आणि स्वतःच अडकले. त्या नागपूरच्या ऑफिसातून सात तालुके सांभाळतात. त्यांचं कामच बोलण्याचं. त्यांच्या दिवसाचे तुकडे तासा-तासाचे असतात आणि एक तुकडा संपून दुसरा लागला म्हणून त्यांचं काही मोडत नाही. बाजारात गाठोडं मांडून बसलेल्या माणसाला दर गिऱ्हाईक नवं असतं, त्याला कोण आलं म्हणून आधीचं गिऱ्हाईक विसकटत नाही. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर राग जरा ओसरला.

दुसऱ्यांदा मी एकटीने फोनवर वेळ मागितली आणि आदल्या रात्री एक पान पाठवलं. त्यात "मीटिंग बंद" हे शब्द कुठेही येऊ दिले नाहीत. वरती सापळ्यांची चूक लिहिली, आकड्यांसकट, माझ्या नावानिशी. खाली डायरीतले दोन रकाने. मग मागणं: गुरुवार, सकाळी साडेनऊ ते सहा, सहा आठवडे. गुरुवारच का, तेही लिहिलं. सोमवारी आढावा, शुक्रवारी गावांतून आठवड्याचे आकडे येतात, मंगळवार देणगीदार संस्थेच्या फोनचा. मला बुधवार हवा होता, आठवड्याच्या मध्यावरचा म्हणून. ऑफिसातल्या शिपाईकाकांना सहज विचारलं तर ते म्हणाले, "ताई, बुधवारी बाजार. दिवसभर माणसं येईन, तुमी काय दार लावून बसान?" कॅलेंडरात बाजार कुठे असतो! गुरुवारी मुळात दोनच मीटिंगा ठरलेल्या होत्या. दहाचा अर्ध्या तासाचा आढावा बुधवारी संध्याकाळी पाचला घेता येत होता, आणि दुपारची हिशेबवाल्यांबरोबरची तासभराची बैठक फायलीवर शेरे लिहून भागत होती. म्हणजे दिवस रिकामा करायला इतरांना फारसं हलावं लागणार नव्हतं.

अपवाद लिहिले: देणगीदारांनी किंवा जिल्हा कार्यालयाने बोलावलं तर मी हजर. अडलं तर फोन करावा, मी उचलेन, पण व्हॉट्सअॅप बारा आणि चार वाजताच बघेन. फोन आणि संदेश यात फरक ठेवायचं कारण असं की फोन करताना माणूस क्षणभर थांबतो, खरंच अडलंय का असं स्वतःला विचारतो. संदेश टाकताना विचारत नाही. शेवटी दोन ओळी: दर गुरुवारी मी काय पुरं करणार ते आदल्या दिवशी लिहून देईन. सहा आठवड्यांनी याद्यांमधल्या दुरुस्त्या कमी झाल्या नाहीत, किंवा माझ्यामुळे कुणाचं काम दोनदाहून जास्त वेळा अडलं, तर सातव्या गुरुवारपासून हे आपोआप बंद, मला वेगळं सांगायची गरज नाही. ही शेवटची ओळ लिहिताना हात आखडला होता. पण बंद कसं करायचं ते आधीच ठरलेलं असलं तर सुरू करणाऱ्याचा जीव कमी घाबरतो, असं मला वाटलं.

मॅडमनी फोन संध्याकाळी सातला केला. मागे कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणेच होतं. "सव्वीस तास आहेत की गं तुझ्याकडे." मी दुसऱ्या रकान्याकडे बोट दाखवलं. दुसरं वाक्य अपेक्षित नव्हतं. "आणि ही चूक मीटिंगमुळे झाली नाही. नवा रकाना घातला असतास तर झालीच नसती. पद्धत चुकली, मीटिंगच्या डोक्यावर का टाकतेस?"

बरोबर होतं ते. अगदी बरोबर. शेजारच्या रकान्यात `=C2*2.47` लिहिलं असतं तर हेक्टर आणि एकर दोन्ही शेजारी-शेजारी दिसले असते आणि दोनदा गुणणं जमलंच नसतं. मी थोडा वेळ गप्प बसले. मग जे खरं होतं ते सांगितलं. पद्धत मला येते, नवीन मुलांना मीच शिकवते. पण पुढच्या मीटिंगला वीस मिनिटं उरलेली असली की मी नेहमीच आखूड रस्ता धरते. पद्धत पाळायलाही सवड लागते. त्या काही बोलल्या नाहीत. कुकरची शिट्टी झाली. "तुला दिलं तर सगळे मागतील," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मागू द्या, त्यांनाही डायरी मोजायला सांगा. त्या हसल्या. मग घासाघीस झाली, अगदी कापसाच्या भावासारखी. सहा आठवडे नाहीत, चार. साडेनऊ ते सहा नाही, दहा ते चार, म्हणजे दोन टोकांना त्यांना मला गाठता येईल. खरिपाची धावपळ संपल्यावर, दिवाळीनंतर. आणि बाकीच्या टीमला त्या स्वतः सांगतील, मी सांगायचं नाही. ही शेवटची अट मला त्या वेळी खुपली, पण तीच सगळ्यात कामाची निघाली. माझ्याकडून आलं असतं तर तो माझा हट्ट झाला असता.

पहिल्या गुरुवारी मी दहा वाजता दार लोटलं आणि बसून राहिले. विचित्र वाटत होतं. एवढं भांडून मिळवलेलं वावर, आणि काय पेरायचं ते सुचेना. यादी लिहून दिली होती तरी अकरापर्यंत जुने मेल चाळण्यात गेले, कारण छोटी कामं पटकन संपतात आणि संपल्याचं समाधान देतात. अकरानंतर हळूहळू लागले. एका गावच्या यादीत एकच माणूस तीनदा येत होता, एकदा वडिलांच्या नावासकट, एकदा आडनाव आधी, एकदा टोपणनावाने. तिघांचे गट नंबर जुळवताना लक्षात आलं की तिसरा तो नव्हेच, त्याच नावाचा त्याचा चुलत भाऊ आहे. हे असं जुळणं वीस मिनिटांच्या तुकड्यात होत नाही. पाच-सात नावं एकाच वेळी डोक्यात उभी ठेवावी लागतात, आणि कुणी हाक मारली की ती सगळी एकदम खाली बसतात. त्या दुपारी चार कधी वाजले ते कळलं नाही. खिडकीबाहेर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जात होत्या आणि रस्त्याकडेच्या बाभळींवर पांढरे पुंजके अडकले होते.

दुसऱ्या गुरुवारी इंटरनेट गेलं, त्यामुळे तो सगळ्यात चांगला गेला.

तिसऱ्याची गोष्ट सांगायला जरा अवघड आहे. आमचा एक क्षेत्र कार्यकर्ता, वयाने माझ्याहून लहान, मला ताई म्हणतो. तो एका वावरात वेचणीच्या नोंदी घेत होता आणि मोबाईलवरचं ॲप गट नंबर स्वीकारेना. त्याने सव्वाबाराला संदेश टाकला. मी बाराला पाहून झालं होतं, पुढचं चारला. फोन करायचा असतो हे त्याला सांगितलेलं होतं, पण त्याला वाटलं, ताईंचा गुरुवार आहे, कशाला त्रास द्यायचा. तो दुपारभर त्या वावराच्या बांधावर बसला. माझ्या एका मिनिटाचं काम होतं, त्या गावाची यादी नव्याने चढवायची एवढंच. चारला संदेश पाहिला तेव्हा पोटात गोळा आला. मी वाचवलेल्या वेळाचे पैसे त्याने भरले होते. मॅडमना लिहिलेल्या पानावर मी तो अडथळा नोंदवला, पहिला म्हणून. त्याला म्हटलं, अरे फोन का नाही केलास, तर म्हणाला, "मॅडमनी इतकं जोर देऊन सांगितलं का मीच घाबरलो, ताई."

चौथा गुरुवार जिल्ह्याच्या पाहणीत गेला. अपवादात बसत होतं, त्यामुळे तक्रार नव्हती.

हिशेब केला तेव्हा चित्र काही मी सांगत सुटले असते असं नव्हतं. मीटिंगांचे तास चौदावरून तेरावर आले, बस्स. त्या कमी झाल्या नाहीत, सरकल्या. बुधवारी पाच-सहा होऊ लागल्या आणि संध्याकाळी घसा बसायचा. दोन तासांहून लांब सलग तुकडे आधी चार आठवड्यांत सात होते, ते नऊ झाले. त्यातले सहा तीन गुरुवारांचे, म्हणजे इतर दिवसांचे सातवरून तीनवर घसरले. एक दिवस राखायला बाकीचे चार मी आणखी कापून दिले होते. पण गुरुवारच्या सहांपैकी दोन तुकडे तीन तासांच्या वर होते, आणि तसा आधी एकही नव्हता. गावांतून दुरुस्तीसाठी परत येणाऱ्या याद्या आधी नऊपैकी पाच होत्या, आता आठपैकी एक. हा आकडा मॅडमना आवडला. मला तो मांडताना संकोच वाटला, कारण याच काळात मी नवा रकाना घालायची सवयही लावून घेतली होती, आणि दिवाळीनंतरचा काळ तसाही ऑगस्टाइतका अंगावर येत नाही. कोणत्या गोष्टीने किती फरक पडला ते आठ याद्यांवरून कोण सांगणार? तेही लिहिलं. मॅडमनी पान वाचलं आणि मार्चपर्यंत वाढवून दिलं. एक बदल करून: बुधवारच्या सहा मीटिंगांतल्या दोन त्यांनी स्वतःच काढून टाकल्या. "तू मोजलंस म्हणून दिसलं," म्हणाल्या. सोमवारच्या आढाव्यात मला एकही नाव घेता आलं नव्हतं, त्यांना दोन सापडल्या.

जानेवारीतल्या एका गुरुवारी चारला मी दार उघडलं तेव्हा बाहेरच्या बाकावर तेच काका बसले होते. मांडीवर तीच खताच्या पोत्याची पिशवी, या वेळी तुरीच्या ओल्या शेंगांनी फुगलेली. मी विचारलं, कधी आलात? "झाले असन दोन-अडीच घंटे." माझ्या अपवादांच्या यादीत फोन होता, देणगीदार होते, जिल्हा होता. शेतकरी स्वतः चालत आला तर काय, हे लिहायचं राहूनच गेलं होतं. सगळे बुधवारी बाजाराला येतात असं मी धरून चालले होते. मी शिपाईकाकांवर जरा चिडलेच. आत का नाही पाठवलं? ते काही बोलायच्या आतच काका म्हणाले, "त्याईनं म्हटलं होतं जा म्हणून. मीच नाही आलो. दाराच्या फटीतून पाह्यलं, तुमचं तास चालू होतं."

शेंगा टेबलावर ओतता ओतता त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीनची एसटी निघून गेली होती. पुढची सहाला.